ॲली परिणाम

ॲली परिणाम म्हणजे एखाद्या सजीवाची संख्या किंवा घनता कमी झाल्यावर त्या जीवसंख्येतील दर जिवामागील वाढीचा दरही कमी होणे. यालाच धन घनता-अवलंबन असेही म्हणतात. सर्वसाधारण समजूत याच्या उलट आहे. जीव थोडे असले की अन्न, जागा व निवारा प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येतो, म्हणून प्रत्येकाची वाढ व प्रजनन अधिक चांगले होते, असे मानले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र संख्या फारच घटली की जोडीदार सापडणे हीच मोठी अडचण ठरते. अन्न मुबलक असूनही माद्या निष्फळ राहतात, पुढची पिढी आणखी लहान होते आणि तिच्यात जोडीदार सापडणे आणखी कठीण होते. या उतरंडीचा शेवट त्या ठिकाणची जीवसंख्या नामशेष होण्यात होऊ शकतो.

हा परिणाम दुर्मिळ प्राण्यांच्या संवर्धनात धोक्याची बाब मानला जातो. किडींच्या नियंत्रणात मात्र त्याचाच उपयोग करून घेता येतो. जळगाव व धुळे या खानदेशातील कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीविरुद्ध वापरले जाणारे कामगंधाचे उपाय, हंगामपूर्व लागवड टाळण्याचा सल्ला आणि फरदड न घेण्याचा आग्रह यांमागील तर्क ॲली परिणामाच्या आधारे नीट उलगडतो. या लेखात तेच उदाहरण मुख्यतः घेतले आहे.

## नाव व संकल्पना

हे नाव अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ वॉर्डर क्लाइड ॲली (१८८५–१९५५) यांच्यावरून पडले. ते शिकागो विद्यापीठात प्राण्यांच्या समूहजीवनाचा अभ्यास करीत. १९३१ साली त्यांचा प्राणिसमूहांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चांदीचे विषारी कण मिसळलेल्या पाण्यात एकेकटे ठेवलेले गोल्डफिश मासे लवकर मरतात, तर त्याच पाण्यात गटाने ठेवलेले मासे अधिक काळ जगतात, असे त्यांना दिसले. गर्दीचे तोटे सर्वांना ठाऊक होते. विरळपणाचेही तोटे असतात, ही गोष्ट ॲली यांनी ठळक केली.

पुढील अभ्यासकांनी या संकल्पनेत एक महत्त्वाचा भेद केला. संख्या घटल्यामुळे जीवनक्रमातील एखादा घटक, उदाहरणार्थ मिलन होण्याची शक्यता, खालावला तर त्यास घटकीय ॲली परिणाम म्हणतात. त्या घटकाचे नुकसान इतर फायद्यांनी भरून न निघता एकूण वाढीचा दरच खाली आला, तर त्यास जीवसंख्यात्मक ॲली परिणाम म्हणतात. पहिला आढळला म्हणून दुसरा असेलच असे नाही. काही माद्यांना नर सापडला नाही, पण ज्यांना सापडला त्यांची पिल्ले भरपूर अन्नामुळे अधिक प्रमाणात जगली, तर हिशेब बरोबरीत सुटू शकतो.

जीवसंख्यात्मक परिणामही दोन तीव्रतांचा असतो. सौम्य प्रकारात विरळ जीवसंख्येची वाढ मंदावते, पण थांबत नाही. तीव्र प्रकारात एक उंबरठा असतो. त्याच्या वर संख्या वाढते व त्याच्या खाली ती घटत जाते. नामशेष होण्याच्या दृष्टीने हा उंबरठा निर्णायक असतो, कारण तो ओलांडून खाली गेलेली जीवसंख्या मूळ संकट दूर झाल्यावरही आपोआप सावरत नाही.

## गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळी (*पेक्टिनोफोरा गॉसिपिएला*) हा करड्या रंगाचा, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा निशाचर पतंग आहे. भारतातून मिळालेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मादी पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि मग फवारणीच्या आवाक्याबाहेर जाते. फुलात शिरलेल्या अळीमुळे पाकळ्या नीट उमलत नाहीत व गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी दिसते. बोंडातील अळी सरकी खाते, रुईला डाग पडतो आणि वेचणीला कवडी कापूस हाती येतो.

भारतात २००२ साली एक जनुक असलेल्या बीटी कपाशीला व २००६ साली दोन जनुकांच्या वाणांना परवानगी मिळाली. प्रारंभी या वाणांनी गुलाबी बोंडअळी आटोक्यात ठेवली. पुढे गुजरातमधून पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याचे २०१० साली जाहीर झाले, आणि २०१४–१५ च्या सुमारास दोन जनुकांच्या वाणांवरही अळी जगू लागली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर या किडीचा मोठा उद्रेक झाला व खानदेशातील कापूस उत्पादकांनाही त्याची झळ बसली. बियाण्यातील संरक्षण असे दुबळे झाल्यावर किडीच्या जीवनक्रमातील इतर कच्चे दुवे शोधणे भाग पडले. मिलन हा त्यांपैकी एक दुवा आहे.

मादी पतंग रात्री एका जागी बसून विशिष्ट गंध सोडते. वाऱ्यावर तरंगत आलेल्या गंधाचा माग काढत नर तिच्यापर्यंत येतो. हा कामगंध १९७३ साली ओळखला गेला. त्यास गॉसिप्लुअर म्हणतात व तो एकाच रसायनाच्या दोन रूपांचे जवळजवळ समसमान मिश्रण असतो. पतंगाचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचे असते. तेवढ्यात मिलन झाले नाही, तर मादी निरोगी असूनही आणि शेतात हजारो पात्या असूनही तिची फलित अंडी पिकावर पडत नाहीत. नर व मादी यांची गाठ पडणे हे नरांच्या घनतेवर अवलंबून असल्याने ॲली परिणामाची पहिली अट येथे पूर्ण होते.

## उंबरठ्याचे गणित

उंबरठा कसा निर्माण होतो हे एका सोप्या हिशेबातून पाहता येते. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत; ते खानदेशातील मोजमापे नाहीत.

समजा, मिलन झालेली प्रत्येक मादी पुढच्या पिढीसाठी ४ माद्या व ४ नर असे ८ प्रौढ पतंग मागे ठेवते. सर्व माद्यांना नर मिळाले, तर प्रत्येक पिढीत संख्या चौपट होईल. पण मादीला नर मिळण्याची शक्यता नरांच्या संख्येनुसार बदलते. हेक्टरी ३० नर असताना निम्म्या माद्यांचे मिलन होते असे धरू. हेक्टरी नरांच्या संख्येस ‘न’ म्हटले, तर मिलन झालेल्या माद्यांचा वाटा न ÷ (न + ३०) इतका होतो आणि एका पिढीतील वाढीचा गुणक पुढीलप्रमाणे मिळतो:

वाढीचा गुणक = ४ × न ÷ (न + ३०)

हेक्टरी १०० नर असताना हा गुणक ३ पेक्षा थोडा अधिक येतो. म्हणजे संख्या तिपटीहून वाढते. ३० नर असताना तो २ असतो. १० नर असताना तो बरोबर १ होतो. संख्या जेथल्या तेथे राहते. हाच उंबरठा. आता दोन शेते घेऊ. एका शेतात हेक्टरी १५ नर आहेत. पुढच्या पिढ्यांत ते २०, ३२ व ६६ होतात. दुसऱ्या शेतात ६ नर आहेत. तेथे पुढच्या पिढीत ४, नंतर जेमतेम २ उरतात आणि त्यानंतर शेत रिकामे होते. दोन्ही शेतांतील पीक, हवामान व माद्यांची प्रजननक्षमता सारखीच आहे. आरंभीच्या ९ नरांच्या फरकाने एका ठिकाणी उद्रेकाची सुरुवात झाली व दुसऱ्या ठिकाणी कीड संपली.

पहिल्या शेताची वाढ लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ती प्रारंभी संथ आहे: १५ वरून २० होणे ही केवळ एक-तृतीयांश वाढ. ३२ वरून ६६ ही दुपटीहून अधिक. म्हणून उंबरठ्याच्या जरा वर असलेली कीड एक-दोन पिढ्या नगण्य वाटते व मग अचानक वाढल्यासारखी भासते. त्या संथ काळात तिच्यात मूलभूत बदल झालेला नसतो. केवळ माद्यांना नर मिळण्याचे प्रमाण सुधारत गेलेले असते.

उंबरठा ही किडीची कायमची, न बदलणारी संख्या नव्हे. वरील हिशेबात तो ३० ला (४ − १) म्हणजे ३ ने भागून येतो. मादीमागे जगणारी पिल्ले कमी झाली आणि चौपटीऐवजी दुपटीची क्षमता उरली, तर उंबरठा ३० ÷ १ म्हणजे ३० वर चढतो. क्षमता दीडपट उरली, तर तो ६० होतो. किडीचे कोणतेही नुकसान, मग ते मित्रकीटकांमुळे झालेले असो, बीटी प्रथिनामुळे असो वा डोमकळ्या तोडून नष्ट केल्यामुळे असो, अशा रीतीने दुहेरी काम करते. ते संख्या खाली आणते आणि त्याच वेळी उंबरठा वर उचलते.

## मिलनात व्यत्यय

कामगंधाचा वापर दोन वेगवेगळ्या कामांसाठी होतो व त्यांची गल्लत पुष्कळदा केली जाते. कामगंध सापळ्यात गंधाची गोळी (ल्यूर) ठेवून नर पकडले जातात. हेक्टरी ५ सापळे लावण्याचा उद्देश पाहणीचा असतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजतात. सापळ्यांची संख्या वाढवून नर मोठ्या प्रमाणात पकडता येतात, पण एक नर एकाहून अधिक माद्यांशी मिलन करू शकतो. त्यामुळे बहुसंख्य नर पकडले तरी उरलेले नर कमतरता भरून काढतात. या उपायालाही विरळ संख्येतच यश मिळते.

मिलन व्यत्ययाची पद्धत निराळी आहे. तीत नर पकडले जात नाहीत. हेक्टरी काही शे ठिकाणी कामगंध हळूहळू सोडणाऱ्या दोऱ्या, नळ्या किंवा मलमासारखे ठिपके झाडांना लावून सारे शेत त्या गंधाने भारले जाते. भारतात गाठीसारखी बांधण्याची दोरी ‘पीबी नॉट’ या नावाने शेतकऱ्यांना परिचित आहे. नर खोट्या गंधाच्या मागे भरकटतो, त्याच्या शृंगिका सतत येणाऱ्या गंधाला सरावून बधिर होतात, आणि खऱ्या मादीचा माग इतर गंधात हरवतो. गुलाबी बोंडअळीसाठीचे असे उत्पादन अमेरिकेत १९७८ साली नोंदवले गेले. कामगंधाद्वारे मिलनात व्यत्यय आणणाऱ्या उत्पादनांत ते आरंभीचे मानले जाते.

वरील गणिताच्या भाषेत, व्यत्ययामुळे ३० हा आकडा वाढतो. निम्म्या माद्यांचे मिलन होण्यासाठी आता हेक्टरी ३० ऐवजी ३०० नर लागतात असे समजू. उंबरठा ३०० ÷ ३ म्हणजे १०० वर जातो. एरवी हेक्टरी ६० नरांपासून पुढच्या पिढीत १६० व त्यापुढे सुमारे ५४० नर झाले असते. व्यत्यय असताना त्याच ६० चे ४०, मग १९, मग ४ होतात आणि त्यापुढे कीड उरत नाही. पण दोऱ्या बांधताना शेतात हेक्टरी ४०० नर असतील, तर त्याच दोऱ्या असूनही पुढच्या पिढीत ९०० हून अधिक नर होतात. साधन तेच, खर्च तोच, फळ मात्र उलट.

कीटकनाशक व मिलन व्यत्यय यांतील मुख्य फरक येथे आहे. शेकडा ठरावीक पतंग मारणारे कीटकनाशक दाट संख्येतही तेवढाच वाटा मारते. मिलन व्यत्ययाची परिणामकारकता संख्या वाढते तशी घटते, कारण दाटीत नर-मादीची गाठ गंधाच्या मागाशिवायही पडू शकते. म्हणून दोऱ्या लागवडीनंतर साधारण दीड महिन्याने, पात्या लागण्याच्या सुमारास, पतंगांची पहिली पिढी विरळ असतानाच बांधाव्या लागतात. बोंडे किडलेली दिसू लागल्यावर दोऱ्या बांधणे हा बहुधा वाया गेलेला खर्च असतो.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. मिलन झालेली मादी शेजारच्या शेतातून उडत आली, तर तिला गंधाच्या पडद्याने काहीच अडत नाही. ती थेट अंडी घालते. एकट्या दोन एकरांच्या तुकड्यात दोऱ्या बांधल्यास कडेच्या ओळींत किडकी बोंडे दिसतात व पद्धतच निकामी असल्याचा ग्रह होतो. सलग शिवाराने एकाच वेळी दोऱ्या बांधल्या, तर कडेचा वाटा घटतो व आतल्या क्षेत्रात पद्धतीला वाव मिळतो.

यश कसे ओळखायचे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. दोऱ्या बांधल्यावर त्या शेतातील सापळे जवळजवळ रिकामे राहू लागतात. त्यावरून नरांना गंधाचा उगम सापडत नाही एवढेच सिद्ध होते. माद्या निष्फळ राहिल्या असे सिद्ध होत नाही. सापळा व मादी दोघेही एकाच गंधाने बोलावतात, म्हणून रिकामा सापळा फसवा ठरू शकतो. अधिक विश्वासार्ह पुरावा मादीच्या शरीरात मिळतो. मिलनानंतर नराने दिलेली शुक्राणूंची पिशवी मादीच्या पोटात राहते. पकडलेल्या माद्यांचे विच्छेदन करून ती आहे की नाही हे पाहता येते. शेतकऱ्याच्या हातातील कसोटी याहून सोपी आहे: शेतात फिरून २० हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. त्यांपैकी २ बोंडांत जिवंत अळी आढळली, म्हणजे १० टक्के प्रादुर्भाव झाला, तर सापळे रिकामे असले तरी नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजावे.

## उन्हाळ्यातील अरुंद वाट

खानदेशात या किडीची संख्या सर्वांत कमी केव्हा असते, हे पाहिले की हंगामाविषयीच्या सल्ल्यांचा अर्थ लागतो. हिवाळ्यात शेवटच्या पिढीतील अनेक अळ्या कोषावस्थेत न जाता सुप्तावस्थेत जातात. जोडलेल्या सरकीत, झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, घरात साठवलेल्या कापसात व जिनिंग कारखान्यांच्या आवारात त्या उन्हाळा काढतात. शेतात कपाशी नसेल, तर मार्च ते मे हा किडीसाठी अरुंद वाटेचा काळ असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यातून जे पतंग निघतात, त्यांच्यावर पुढच्या हंगामाची किडीची पेरणी अवलंबून असते.

फरदड घेतली, म्हणजे मुख्य वेचणीनंतर पाणी देऊन पीक पुढे ठेवले, तर ही वाट अरुंद राहत नाही. अळीला खाद्य मिळत राहते व सुप्तावस्थेत जाणाऱ्यांची संख्या वाढते. जानेवारीअखेर शेत मोकळे करून पऱ्हाट्या काढणे व त्या नष्ट करणे यामुळे उन्हाळ्यातून पार पडणाऱ्या अळ्या घटतात.

तापी खोऱ्यातील बागायती भागात ठिबकवर मे महिन्यातच हंगामपूर्व कपाशी लावण्याची रीत आहे. पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्याला तीत लवकर वेचणीचा फायदा असतो. किडीच्या बाजूने मात्र ही कपाशी निराळे काम करते. जूनमध्ये निघणाऱ्या पतंगांना पात्या, फुले नसलेल्या शिवारात अंडी घालण्यास योग्य जागा मिळत नाही व ते अपत्यहीन मरतात. अभ्यासक यास आत्मघाती उद्भव म्हणतात. मेमधील कपाशीवर तोवर पात्या लागलेल्या असतात. त्यामुळे काही वर्षी महाराष्ट्राच्या कृषी विभागाने १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे न विकण्याचे निर्देश दिले.

अपत्यांना खाद्य मिळणे एवढाच हंगामपूर्व कपाशीचा प्रश्न नाही. ॲली परिणामाच्या दृष्टीने तालुक्याची सरासरी घनता फारशी अर्थपूर्ण नसते. जेथे नर-मादी प्रत्यक्ष वावरतात तेथील घनता महत्त्वाची असते. शंभर हेक्टरांच्या शिवारात ३०० नर समान पसरले, तर हेक्टरी ३ च पडतात. वरच्या हिशेबात ही संख्या उंबरठ्याच्या बरीच खाली आहे. पण त्याच शिवारात फुलावर आलेली १० हेक्टर कपाशी असेल आणि सारे पतंग तिच्याकडे ओढले गेले, तर तेथे हेक्टरी ३० नर होतात व निम्म्या माद्यांचे मिलन होते. लवकर लावलेला छोटा तुकडा अशा रीतीने विखुरलेल्या पतंगांचे भेटीचे ठिकाण बनतो आणि पुढच्या पिढीत तेथून साऱ्या शिवारात पतंग पसरतात.

विरळपणा जागेत असतो तसा काळातही असतो. एका ठिकाणी एकूण ३०० नर निघणार असतील आणि प्रत्येक नर १० दिवस जगत असेल, तर ते ६० दिवसांत विखरून निघाल्यास कोणत्याही रात्री सुमारे ५० नरच हजर असतात. एका जोरदार पावसानंतर ते सारे एकदम निघाले, तर जवळजवळ ३०० हजर असतात. एकूण संख्या सारखी असूनही मिलनाची शक्यता वेगळी राहते. म्हणून हंगामाच्या आरंभीची सापळ्यातील नोंद केवळ बेरजेने न वाचता रात्रवार वाचावी लागते.

## ॲरिझोनातील निर्मूलन

गुलाबी बोंडअळी अमेरिकेत १९१७ साली टेक्सासमध्ये प्रथम सापडली आणि पुढे नैर्ऋत्येकडील कापूस पट्ट्यात पसरली. ॲरिझोना राज्यात २००६ साली तिच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तेथे बीटी कपाशी तोवर परिणामकारक होती. तिच्या जोडीला मिलन व्यत्यय, पीक संपल्यावर शेते नांगरणे आणि वंध्य पतंग सोडणे हे उपाय एकाच वेळी राबवले गेले. वंध्य पतंग प्रयोगशाळेत वाढवून व किरणोत्साराने निर्बीज करून विमानांतून सोडले जात. २००६ ते २०१४ या काळात नैर्ऋत्य अमेरिका व उत्तर मेक्सिकोत असे ११ अब्जांहून अधिक पतंग सोडण्यात आले.

वंध्य पतंगांचे तंत्र हे कृत्रिमरीत्या घडवलेला ॲली परिणामच आहे. शेतातील मादीला नर मिळतो, पण तो बहुधा वंध्य असतो. रानटी पतंग जितके कमी, तितके वंध्य पतंगांचे प्रमाण अधिक व निष्फळ मिलनेही अधिक. बीटी कपाशीने संख्या खाली आणली, म्हणून सोडलेल्या पतंगांचे प्रमाण प्रभावी ठरले. आणि वंध्य पतंगांशी मिलन झाल्यामुळे बीटीला प्रतिकार करणाऱ्या मोजक्या पतंगांची संततीही वाढली नाही. ॲरिझोनातील या किडीची अंदाजित संख्या २००५ मधील २ अब्जांहून अधिकवरून २०१३ मध्ये शून्यावर आली. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ साली देशातील कापूस क्षेत्र गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे घोषित केले.

खानदेशाशी याची थेट तुलना करताना सावध राहावे लागते. ॲरिझोनातील शेते मोठी, मालक थोडे व शिवारे वाळवंटाने एकमेकांपासून तुटलेली आहेत. एकट्या जळगाव जिल्ह्यात सुमारे ५ लाख हेक्टरांवर, लहान लहान तुकड्यांत व वेगवेगळ्या तारखांना कपाशी लावली जाते आणि बीटीचा धाकही उरलेला नाही. येथे कीड उंबरठ्याखाली गेली, तरी ती एखाद्या शिवारात व एखाद्या हंगामापुरती जाते; शेजारून येणारे पतंग तिला पुन्हा वर उचलतात.

## संवर्धनातील दुसरी बाजू

बोंडअळीच्या बाबतीत जे साध्य करायचे असते, तेच माळढोक पक्ष्याच्या बाबतीत नकळत घडले आहे. या पक्ष्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. विणीच्या काळात नर मोकळ्या माळावर गळ्याची पिशवी फुगवून खोल आवाज काढतो व दूरवरच्या माद्या त्याच्याकडे येतात. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. गणिताच्या भाषेत तिच्या वाढीची क्षमता १ हून थोडीच अधिक असते, म्हणून तिचा उंबरठा उंच असतो. थोड्याशा विरळपणानेही तोल ढळतो. गुजरातमधील कच्छच्या माळावर २०१८ नंतर माळढोकच्या केवळ माद्याच उरल्या. त्या जिवंत असल्या, तरी त्या ठिकाणची नैसर्गिक वीण थांबली.

अशा टोकाच्या स्थितीत निव्वळ योगायोगही भर घालतो. पिल्लू नर असण्याची व मादी असण्याची शक्यता समान धरली, तर ५ पक्ष्यांचा गट संपूर्ण एकाच लिंगाचा निघण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. २० पक्ष्यांत ती ५ लाखांत १ इतकी क्षीण होते. म्हणून उंबरठा ही काटेकोर रेषा मानता येत नाही. तिच्या थोडी वर असलेली लहान जीवसंख्याही वाईट योगायोगाने खाली घसरू शकते आणि खाली असलेली क्वचित वर येऊ शकते.

संख्या कमी दिसली की ॲली परिणाम आहेच, असा निष्कर्षही चुकीचा ठरेल. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे निर्विवादपणे कोणाच्या नोंदीत आला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ आढळला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. पुढे सातपुड्याच्या इतर जंगलांतही त्याच्या जोड्या मिळाल्या. हा पक्षी आपल्या हद्दीत जोडीने राहतो व दिवसाही आवाज देतो. त्याची दुर्मिळता जंगलाचा ऱ्हास व त्याच्या ढोल्यांच्या झाडांची तोड यांनीही पुरेशी स्पष्ट होऊ शकते. मिलनातील अपयश सिद्ध करण्यासाठी विरळ भागातील जोडीविना राहिलेल्या पक्ष्यांचे प्रमाण दाट भागाहून अधिक आहे, आणि त्यामुळे तेथील एकूण वाढ खरोखर घटते, हे दोन्ही दाखवावे लागते. पतंगांच्या बाबतीत वेगवेगळ्या घनतेच्या ठिकाणी माद्या बांधून ठेवून व दुसऱ्या दिवशी त्यांचे मिलन झाले का हे तपासून ही मोजणी एका रात्रीत करता येते. दीर्घायुषी पक्ष्यांत तिला अनेक वर्षे लागतात, आणि तोवर मोजण्याइतके पक्षी उरतीलच असे नसते.